दुरंगी भिंत, पुस्तकांचे खोके आणि चार टेप : कामाच्या नोंदी

५ ऑक्टोबर

अभ्यासाच्या खोलीची एक भिंत दुरंगी करायची आहे. जमिनीपासून ११० सेंटीमीटर उंचीपर्यंत गडद निळसर हिरवा रंग येईल आणि त्याच्यावर फिकट पांढरा. त्याच खोलीतली पुस्तके खोक्यांत भरून ट्रान्सपोर्टने पाठवायची आहेत, आणि रंगकाम आटोपल्यावर वायरींची केसिंग पट्टी व एक हलका फलक भिंतीला छिद्र न पाडता बसवायचा आहे. मास्किंग, कापडी, पॅकिंग आणि डबल अशा चारही टेपांचे काम एकाच खोलीत निघाल्यामुळे नोंदी एकत्र ठेवत आहे, म्हणजे असेच काम काढणाऱ्याला त्या उपयोगी पडतील.

टेप निवडताना ‘जास्त घट्ट कोणता चिकटतो’ हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला आहे. टेप कशावर लावायचा, तिथे तो किती काळ राहणार आणि शेवटी तो काढायचा आहे की नाही, एवढेच आधी ठरवायचे. मास्किंग टेपचे सगळे कसब तो स्वच्छ निघून येण्यात असते, तर पॅकिंग टेप निघून यावा अशी कोणाचीच इच्छा नसते, त्यामुळे एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष ठरतो.

आज घरातली जुनी रिळे तपासली. कपाटाच्या तळाशी पडलेला मास्किंग टेप उलगडताना सरळ निघत नव्हता. त्याच्या उभ्या चिंध्या होत होत्या आणि रिळाच्या कडेवर बोट फिरवले तर चिकट लागत होते. साध्या मास्किंग टेपचा गोंद रबराचा असतो आणि हवा, ऊन व उष्णता यांनी तो वर्षागणिक खराब होतो. आधी तो चिघळतो आणि पुढे वाळून ठिसूळ होतो. असा टेप रंगाच्या कडेला लावला तर काढताना तुकड्यातुकड्यांनी निघतो आणि नखाने खरवडत बसावे लागते. तो बाजूला काढून खोक्यांवर नावे लिहिण्यासाठी ठेवला आहे. त्या कामाला तो अजूनही चालेल.

६ ऑक्टोबर

फरशी झाकण्याचे काम आज झाले. पातळ प्लास्टिकच्या दोन चादरी एकमेकींना जोडून भिंतीलगत अंथरायच्या होत्या. जोडावर आधी मास्किंग टेप लावून पाहिला, तो चादरीवरून तासाभरातच कडेने सुटू लागला. या चादरी पॉलिथिनच्या असतात आणि पॉलिथिनवर बहुतेक गोंद पसरून धरतच नाहीत. कापडी टेपवर रबराच्या गोंदाचा जाड, मऊ थर असल्यामुळे तो अशा प्लास्टिकलाही बऱ्यापैकी धरतो, आणि आत सुती जाळी असल्यामुळे हाताने आडवा सरळ फाडता येतो, कात्री लागत नाही. जोडावर तोच लावला.

मात्र कापडी टेप फरशीवर थेट लावला नाही. तो काही दिवस पायाखाली आणि उष्णतेत राहिला की काढताना गोंदाचा राखाडी थर मागे सोडतो आणि तो निघता निघत नाही. म्हणून फरशीवर आधी मास्किंग टेपची पट्टी लावली आणि तिच्या पाठीवर कापडी टेप चिकटवून चादर धरून ठेवली. काम संपल्यावर खालची कागदी पट्टी ओढली की वरचा टेप तिच्याबरोबर उचलला जातो. यात टेप थोडा जास्त खर्च होतो, पण फरशी घासण्याचा वेळ वाचतो. कापडी टेपबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे या कामात नाही.

८ ऑक्टोबर

टेप लावण्याआधी भिंतीचीच परीक्षा घेतली. ही पायरी वगळण्याचा मोह फार होतो, आणि ‘टेपने रंग उपटला’ अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते तिचे मूळ बहुधा इथेच असते. भिंतीच्या खालच्या भागात, जिथे पुढे गडद रंग येणारच आहे, तिथे कटरने फुलीच्या आकाराचे दोन हलके छेद दिले, त्यावर मास्किंग टेप अंगठ्याने दाबून बसवला आणि मागे दुमडून एका झटक्यात ओढला. टेपच्या गोंदावर पांढरी भुकटी आली आणि फुलीच्या मध्यावरून रंगाची एक कपची निघाली.

भुकटी आणि कपची ही दोन वेगळी लक्षणे आहेत. भुकटी म्हणजे वरचा थर खडूसारखा सुटा झाला आहे, आणि त्यावर लावलेला टेप भिंतीला चिकटतच नाही, तो धुळीला चिकटतो. कपची म्हणजे मधला एखादा थर खालच्या थरावर नीट बसलेला नाही, आणि तिथे कितीही सौम्य टेप लावला तरी धोका राहणारच. भिंत मध्यम पॉलिश पेपरने घासली, ओल्या फडक्याने पुसली, सुकू दिली, सैल कपच्या पट्टीने काढून पुट्टी भरली आणि प्रायमरचा एक हात दिला. यात पूर्ण दिवस गेला, तो कामाच्या अंदाजात धरलेला नव्हता. संध्याकाळी तीच चाचणी शेजारी पुन्हा केली तेव्हा गोंद स्वच्छ निघाला.

११ ऑक्टोबर

वरच्या फिकट पांढऱ्या इमल्शनचे दोन हात परवा पूर्ण झाले होते. इमल्शन हाताला दोन-तीन तासांत कोरडे लागते, पण त्यावर टेप लावायचा असेल तर निदान एक दिवस थांबावे लागते, आणि त्याला पूर्ण कडकपणा यायला काही आठवडे जातात. त्यामुळे ताज्या रंगावर लावण्यासाठी कमी चिकट मास्किंग टेप घेतला पाहिजे. रिळावर ‘नाजूक पृष्ठभागांसाठी’ असे लिहिलेला टेप याच कामाचा असतो.

तरीही तुलना करता यावी म्हणून दाराच्या मागे जाणाऱ्या कोपऱ्यातल्या मीटरभर लांबीवर साधा सुरकुत्यांचा मास्किंग टेप लावला. ११० सेंटीमीटरवर पाण्याच्या लेव्हलने खुणा केल्या, त्या पेन्सिलच्या अगदी फिक्या रेषेने जोडल्या आणि टेपची खालची कड त्या रेषेवर ठेवली. बोटाने दाबून घेतला आणि थेट निळसर हिरवा रंग ब्रशने ओढला. टेप काढल्यावर रेषेच्या वर, पांढऱ्यावर, दर दोन-तीन मिलिमीटरवर केसासारखे हिरवे ओरखडे गेलेले दिसले. काही ठिकाणी त्यांची लांबी ३ मिलिमीटरपर्यंत होती.

भिंगातून पाहिले की कारण लगेच कळते. साध्या मास्किंग टेपचा कागद मुद्दाम चुण्या पाडून बनवलेला असतो, म्हणजे तो थोडा ताणता येतो आणि वळणावरून नेता येतो. पण त्या चुण्या टेपच्या लांबीला आडव्या असतात, म्हणजेच कडेपर्यंत आलेल्या असतात, आणि प्रत्येक चुणीखाली भिंतीवर एक बारीक मोकळी वाट उरते. त्यात रोलरने रंगवलेल्या भिंतीला स्वतःचे खडबडीत दाणे असतातच. पातळ रंग या वाटांतून आत ओढला जातो, आणि ब्रश टेपच्या कडेकडे रेटला तर आणखी वेगाने जातो. अधिक चिकट टेप लावून ही वाट बंद होत नाही, फक्त काढताना पांढरा रंग उपटण्याचा धोका वाढतो. कोपऱ्यातली ती रेष सध्या तशीच ठेवली आहे.

१३ ऑक्टोबर

उरलेल्या भिंतीवर दोन बदल एकदम न करता एकेक करून पाहिले, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळावे.

पहिल्या तुकड्यावर तोच चुण्यांचा टेप ठेवला, पण कडेवरून प्लास्टिकची बोथट पट्टी नीट फिरवून तो दाबला आणि हिरवा रंग लावण्याआधी टेपच्या कडेवर वरच्याच पांढऱ्या इमल्शनचा एक पातळ हात मारला. जो रंग आत झिरपायचा तो आता पांढराच झिरपतो आणि पांढऱ्या भिंतीवर तो दिसत नाही. शिवाय सुकल्यावर तो सगळ्या वाटा बुजवतो. तासाभराने त्यावर हिरवा रंग दिला. रेष स्वच्छ आली. क्वचित एखाद्या ठिकाणी किंचित लहर दिसते, पण ती भिंतीच्या दाण्यांची आहे, झिरपण्याची नाही.

दुसऱ्या तुकड्यावर चुण्या नसलेला, पातळ आणि गुळगुळीत कागदाचा वाशी टेप लावला आणि पांढरा हात दिला नाही. कागद पातळ असल्यामुळे तो दाण्यांच्या चढउतारांवर अधिक जवळून बसतो, आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते. इथे झिरपणे फारच कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. भिंतीत जिथे पुट्टीचा खळगा राहिला होता तिथे एक जीभ आत गेलीच. तिसऱ्या, सर्वांत लांब तुकड्यावर वाशी टेप आणि पांढरा हात दोन्ही वापरले, आणि तिथे दोष काढायला जागा राहिली नाही.

वाशी टेप साध्या टेपच्या कित्येक पटींनी महाग पडतो. माझे मत असे झाले आहे की मूळ रंगाच्या हाताने कड बुजवण्याची सवय असेल तर साध्या इमल्शनच्या भिंतीवर तो लागतोच असे नाही. पण लांब, उजेडात येणारी, जवळून पाहिली जाणारी रेष असेल किंवा खालचा रंग ताजा असेल, तर टेपवर वाचवलेला खर्च सुधारणेच्या वेळेत निघून जातो. वळणांवर मात्र चुण्यांचाच टेप बरा. वाशी टेप वळवायला गेले की आतल्या कडेवर उचलला जातो.

टेप काढण्याच्या वेळेबद्दल सविस्तर लिहिणे गरजेचे आहे. हिरव्या रंगाचा दुसरा हात झाल्यावर तो हाताला ओला लागेनासा झाला, पण अजून मऊ होता, तेव्हाच टेप काढला. या खोलीत त्याला साधारण अर्धा तास लागला. टेपचे टोक नखाने उचलून ते त्याच्याच पाठीवर मागे दुमडायचे, थोडे तिरके, रंगवलेल्या भागापासून दूर झुकवून धरायचे आणि संथ गतीने ओढत जायचे. भिंतीपासून सरळ बाहेर, काटकोनात ओढला तर खालच्या रंगावर सगळा जोर पडतो. एका टोकाला फोन आल्यामुळे काम रेंगाळले आणि तिथला रंग पुरता वाळला. वाळलेल्या रंगाचा पापुद्रा टेप आणि भिंत यांवरून सलग जातो, म्हणून टेप ओढताच तो वाकडातिकडा फाटू लागला. तिथे पोलादी पट्टी ठेवून कटरच्या नव्या पात्याने कडेवर हलका छेद दिला आणि मग टेप काढला. छेद रंगाच्या पापुद्र्यापुरता असावा. पाते पुट्टीपर्यंत गेले तर रेषेवर कायमची खाच राहते.

कोपऱ्यातले ओरखडे शेवटी असे बुजवले : टेप यावेळी हिरव्या बाजूला, रेषेच्या लगत लावला, त्याच्या कडेवर हिरव्याचाच पातळ हात देऊन बुजवणी केली आणि ओरखड्यांवर पांढरा रंग दिला. या उलट क्रमासाठी हिरवा रंग निदान एक दिवस सुकलेला असावा लागतो, म्हणून ते काम आज अर्धेच सोडून दुसऱ्या दिवशी पूर्ण केले.

१६ ऑक्टोबर

खिडकीच्या लाकडी चौकटीला ऑइल पेंट दिला. काचांवर साधा मास्किंग टेप लावला होता. काच गुळगुळीत असल्यामुळे झिरपण्याची अडचण आली नाही. अडचण उन्हाची आली. ऑइल पेंट इमल्शनपेक्षा फार सावकाश सुकतो, दोन हातांमध्ये दिवसभर थांबावे लागते, आणि या सगळ्या काळात टेप काचेवरच होता. सावलीतल्या झडपेवरचा टेप सहज निघाला. उन्हाच्या झडपेवर मात्र कागद निघाला आणि गोंद काचेवर पट्टीसारखा राहिला. साध्या मास्किंग टेपला एक दिवसाची मुदत समजावी, आणि ऊन लागणार असेल तर तीही देऊ नये. काही दिवस ठेवायचा असेल तर रंगकामासाठी बनवलेला ॲक्रिलिक गोंदाचा टेप घ्यावा. तो बहुधा निळ्या रंगात येतो आणि मुदतीचे दिवस रिळावर छापलेले असतात.

काचेवरचा रबरी गोंद मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने मऊ करून ब्लेडने काढला. टर्पेंटाइन लावल्यावर दोन मिनिटे थांबले तर गोंद गोळा होऊन निघतो, लगेच घासले तर नुसता पसरतो. हे फडके ताज्या ऑइल पेंटला लागता कामा नये, कारण तोच द्रव त्या रंगाचाही पातळकर्ता आहे. चौकटीजवळच्या दोन सेंटीमीटर भागात म्हणून टर्पेंटाइन वापरलेच नाही. तिथे ताज्या टेपचा तुकडा गोंदावर दाबून पुन्हा पुन्हा उचलला, की जुना गोंद नव्याला चिकटून थोडा थोडा येत जातो. कंटाळवाणे आहे, पण रंगाला धोका नाही.

१९ ऑक्टोबर

आता पुस्तकांचे खोके. एका खोक्यात भरून वजन सुमारे १५ किलोच्या आत राहील असे लहान खोके निवडले. पुस्तकांसाठी मोठा खोका घेतला की तळ बाहेर फुगतो आणि मग दोष टेपला दिला जातो.

पॅकिंग टेप पॉलिप्रोपिलीनच्या ताणलेल्या फिल्मचा असतो. ओढण्याच्या दिशेने तो फार मजबूत असतो, पण कडेला एक बारीक चीर पडली की आडवा सर्रकन फाटतो, म्हणून कटरने सरळ कापावा, दाताने तोडू नये. गोंदाचे दोन प्रकार सर्रास मिळतात. ॲक्रिलिक गोंद लावताच फार चिकट वाटत नाही, तो काही तासांत धरतो, पण उन्हाने पिवळा पडत नाही आणि बराच काळ टिकतो. हॉट मेल्ट गोंद लावताक्षणी घट्ट बसतो, मात्र जास्त उष्णतेत मऊ पडून सरकतो. खोके आधी गोदामात आणि मग बंद गाडीत तापणार आहेत हे लक्षात घेऊन ४८ मिलिमीटर रुंदीचा, जाड फिल्मचा ॲक्रिलिक टेप निवडला, आणि खोके रवाना करण्याच्या आदल्या दिवशीच बंद करायचे ठरवले.

टेप खोक्याला खरोखर धरतो की नाही हे पाहायला सोपी कसोटी आहे. प्रत्येक प्रकारच्या खोक्यावर टेपचा वीतभर तुकडा दाबून बसवला, तासाभराने सावकाश सोलून त्याची गोंदाची बाजू उजेडात धरली. नव्या, टणक खोक्यावरून काढलेल्या तुकड्यावर पुठ्ठ्याचे तपकिरी तंतू सगळीकडे उपटून आले होते. याचा अर्थ गोंद सुटण्याआधी कागदच फाटला, आणि याहून घट्ट बसण्याची अपेक्षा करता येत नाही. दुकानातून आणलेल्या एका जुन्या खोक्यावरचा तुकडा जवळजवळ स्वच्छ आला, त्यावर फक्त धूळ होती. दुसऱ्या एका खोक्याचा पृष्ठभाग पुनर्वापराच्या कागदाचा, भुसभुशीत होता. तिथे तंतू आले, पण ते वरवरचे, आखूड होते, आणि टेप विनासायास निघाला. धुळीचा खोका कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तपासला, तो उत्तीर्ण झाला. भुसभुशीत खोका पुस्तकांसाठी वापरला नाही, त्यात उशा भरल्या.

त्याच खोक्यांवर कापडी टेपही लावून पाहिला, कारण जड सामानाला कापडी टेप लावावा असा सल्ला बरेच जण देतात. पहिल्या तासात तो उत्तम बसला. पण मुद्दाम जास्त भरलेल्या, पाकळ्या वर येऊ पाहणाऱ्या खोक्यावर तो रात्रभर ठेवला, तेव्हा सकाळी दोन पाकळ्यांमध्ये बोट जाईल इतकी फट होती आणि टेपच्या टोकाला गोंदाची रेघ ओढली गेलेली होती. टेप सुटला नव्हता, सरकला होता. त्याचा मऊ जाड गोंद क्षणिक ओढ चांगली सोसतो, पण सतत असलेल्या ताणाखाली हळूहळू वाहतो. मास्किंग टेपचा तुकडा त्याच खोक्यावर संध्याकाळपर्यंतही टिकला नाही, त्याचा कागदच फाटला.

२० ऑक्टोबर

खोके भरून बंद केले. तळाच्या मधल्या जोडावर टेपचे दोन थर लावले, दुसरा थर पहिल्यावर निम्मा चढवून. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या आडव्या कडांवर एकेक पट्टी दिली, म्हणजे टेपची आकृती इंग्रजी एच अक्षरासारखी होते आणि पाकळ्यांची टोके उघडी राहत नाहीत. मधला टेप दोन्ही बाजूंच्या भिंतींवर निदान ७ सेंटीमीटर खाली उतरवला. खोका पूर्ण भरला नसेल तर रिकामी जागा कागदाच्या बोळ्यांनी भरली, आणि पाकळ्या वर येत असतील तर एक पुस्तक काढून घेतले. टेपने पाकळ्या जागेवर धरून ठेवायच्या असतात, आतल्या सामानाला दाबायचे नसते.

संध्याकाळी पाहणी केली तेव्हा काही खोक्यांच्या बाजूंवर टेपची टोके एक-दोन सेंटीमीटर सुटून उभी राहिली होती. खोके चांगले होते, टेप तोच होता. फरक फक्त लावण्यात होता. ते खोके बंद करताना टेप कडक दिसावा म्हणून मदतनिसाने तो ताणून धरून लावला होता. ताणलेली फिल्म आखडू पाहते आणि ती ओढ सगळी टोकावर येते, तिथे गोंदाला अजून धरायला वेळ मिळालेला नसतो. ती टोके कापून टाकून त्यावर ताण न देता नवा तुकडा लावला आणि टेपची पूर्ण लांबी फडक्याची घडी करून जोराने घासली. ॲक्रिलिक गोंदाला हा दाब फार महत्त्वाचा असतो. नुसता वरून ठेवलेला टेप पुठ्ठ्याच्या उंचवट्यांनाच शिवलेला असतो, आणि नीट घासल्यावर पारदर्शक टेपखालचा पांढुरका रंग जाऊन पुठ्ठ्याचा तपकिरी रंग स्पष्ट दिसू लागतो. तो दिसेपर्यंत घासायचे.

पत्त्याच्या चिठ्ठीवर टेप लावताना एक पथ्य पाळले. छापील बारकोड उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असेल तर त्यावर टेप चिकटवला नाही, चिठ्ठीच्या फक्त कडा धरल्या. टेपच्या गोंदाने अशी छपाई काही दिवसांत फिकी पडू शकते, आणि चकाकणाऱ्या फिल्मवरून वाचनयंत्राचा प्रकाशही उलटतो.

३ नोव्हेंबर

भिंतीचा रंग जवळजवळ दोन आठवड्यांचा झाल्यावर, गेल्या आठवड्यात डबल टेपचे काम हाती घेतले. केसिंग पट्टी प्लास्टिकची आहे आणि तिच्या पाठीला कारखान्यातूनच पातळ डबल टेप लावलेला होता. तो भिंतीवर दाबून बसवला आणि रात्रीतून वरचे टोक सुटले. पातळ डबल टेपच्या आत टिश्यू कागदासारखा थर असतो. काच, पत्रा, फोटोचा कागद अशा सपाट वस्तूंना तो उत्तम आहे, पण रोलरच्या दाण्यांवर तो फक्त दाण्यांच्या माथ्यांना शिवतो. तो सोलून काढून तिथे १ मिलिमीटर जाडीचा फोमचा डबल टेप लावला. फोम दबतो आणि दाण्यांमधल्या खोलगट जागेतही पोहोचतो. आठवडाभरात पट्टी हललेली नाही.

फलकाचे वजन ६०० ग्रॅम भरले. ॲक्रिलिक फोम टेपसाठी सतत लोंबणाऱ्या वजनाचा एक रूढ ठोकताळा आहे : दर किलोमागे सुमारे ५५ चौरस सेंटीमीटर टेप. त्या हिशेबाने इथे ३३ चौरस सेंटीमीटर पुरतात, म्हणजे २ सेंटीमीटर रुंद टेपची साडेसोळा सेंटीमीटर लांबी. हा हिशेब टेपचा आहे, भिंतीचा नाही. दुप्पट टेप लावून एक जुना, तेवढ्याच वजनाचा फळीचा तुकडा दाराआड टांगून पाहिला. चौथ्या दिवशी तो खाली पडलेला सापडला. टेप फळीला घट्ट होता, आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला इमल्शन, प्रायमर आणि पुट्टीची पातळ साल जशीच्या तशी चिकटून आली होती. इथे आणखी महागडा टेप आणून काहीच साधले नसते. जे तुटले ते गोंदाच्या पलीकडचे होते, आणि ८ ऑक्टोबरला फुलीच्या चाचणीत निघालेली कपची हेच सांगत होती.

म्हणून फलक भिंतीवर न लावता ऑइल पेंट दिलेल्या जुन्या लाकडी दारावर घेतला. त्या दारावर फुलीची चाचणी केली तेव्हा काहीही निघाले नाही. दाराचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसला, सुकू दिला, फलकाच्या पाठीवर वरच्या कडेला पूर्ण रुंदीची एक पट्टी आणि खाली दोन उभ्या पट्ट्या लावल्या. वरची कड मोकळी सोडली तर फलकाचे वजन तिला पुढे सोलत राहते, आणि कोणताही डबल टेप सोलण्याच्या ओढीपुढे सर्वांत दुबळा असतो. फलक अंगठ्यांनी टेपच्या प्रत्येक पट्टीवर दाबून धरला आणि त्यावर लगेच काही अडकवले नाही. या प्रकारच्या टेपची पकड पहिल्या वीसेक मिनिटांत निम्म्यापर्यंत येते आणि पुरी व्हायला नेहमीच्या तापमानाला ७२ तास लागतात.

७ नोव्हेंबर

७२ तास उलटून गेल्यावर फलकावर किल्ल्यांचा जुडगा अडकवून पाहिला, काही हलले नाही. भिंतीवरच्या चाचणीत उरलेले टेपचे तुकडे मात्र काढायचे होते. ते उपटले असते तर आणखी पुट्टी आली असती. हेअर ड्रायरने मिनिटभर गरम केल्यावर फोम मऊ झाला, मग मासेमारीचा नायलॉन दोरा त्याच्यामागे घालून करवतीसारखा पुढेमागे ओढला, आणि फोम मधोमध कापला गेला. भिंतीवर राहिलेला थर अंगठ्याने भिंतीला समांतर लाटत गेले की गोळा होऊन निघतो. इथे टर्पेंटाइन वापरले नाही, कारण इमल्शनवर त्याचा डाग राहण्याची भीती होती. दोन ठिकाणी रंग किंचित चमकदार झाला आहे, तिथे पुट्टीचा हात आणि रंगाचा ठिपका द्यावा लागेल, आणि त्यासाठी राखून ठेवलेला हिरवा रंग झाकण घट्ट लावून कपाटात ठेवला आहे.